माशाचा काटा नेमका कुठे अडकलाय? घशाचे स्नायू आणि नसा शिकताना या चुका टाळा

श्रावण आणि गणपती उरकले की पुण्यातल्या गणेश पेठेच्या मासळी बाजारात पुन्हा गर्दी होते. घरोघरी करली, पाला असे काटेरी मासेही शिजायला लागतात. काटा अडकलेला पेशंट कान-नाक-घशाच्या ओपीडीला नवा नाही. वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घसा शिकवताना मी हाच पेशंट समोर ठेवते, कारण घशाचे स्नायू, गिळण्याचा क्रम, नसा, टॉन्सिल आणि पिरिफॉर्म फोसा या पाचही गोष्टी त्या एका काट्याच्या वाटेवर भेटतात. मुलं त्या पाच वेगवेगळ्या तक्त्यांत पाठ करतात. व्हायव्हात तक्ते एकमेकांत मिसळतात, आणि पुढे पेशंटसमोर काटा चुकीच्या जागी शोधला जातो.

अशी एक केस घ्या. चाळिशीतल्या एक बाई. रात्री करलीच्या कालवणाबरोबर जेवताना उजव्या बाजूला काहीतरी टोचलं. घरच्यांच्या सांगण्यावरून त्यांनी कोरड्या भाताचे दोन-तीन मोठे घास न चावता गिळले, वर केळंही खाल्लं. टोचणं गेलं नाही. सकाळी त्या आल्या तेव्हा आवंढा गिळताना उजवीकडे दुखत होतं आणि उजवा कानही ठणकत होता. दुखरी जागा दाखवताना बोट गळ्याच्या घाटीच्या उजव्या बाजूला गेलं, जबड्याच्या कोनाखाली नाही. ताप नाही. तोंड उघडून पाहिलं तर दोन्ही टॉन्सिल स्वच्छ.

काटा कुठे असेल? उत्तराकडे जाण्याआधी वाटेतल्या चुका पाहू.

चूक : टॉन्सिलचा पत्ता ढोबळ सांगणं

‘टॉन्सिल कुठे असतात?’ या प्रश्नाला ‘तोंडात, जिभेच्या मागे’ असं उत्तर बहुतेक वेळा येतं. टॉन्सिल तोंडात नसतात, घशात असतात. मधल्या घशाच्या, म्हणजे ओरोफॅरिंक्सच्या बाजूच्या भिंतीत दोन घड्या दिसतात. पुढची घडी पॅलॅटोग्लॉसस स्नायूची आणि मागची पॅलॅटोफॅरिंजियसची. त्या दोन घड्यांमधल्या त्रिकोणी खोबणीत टॉन्सिल बसलेला असतो. तोंड संपून घसा जिथे सुरू होतो ती हद्द म्हणजे पुढची घडी, आणि टॉन्सिल त्या हद्दीच्या पलीकडे आहे.

पत्ता इतका नेमका माहीत असला तरच तपासणी नीट होते. माशाचे बारीक काटे सर्वाधिक अडकतात ते टॉन्सिलमध्ये आणि जिभेच्या मुळाशी, कारण तिथला पृष्ठभाग खाचखळग्यांचा आहे. टॉन्सिलच्या घशाकडच्या बाजूवर 12 ते 15 क्रिप्ट म्हणजे खोल छिद्रं असतात. घाईत पाहणारा टॉन्सिलचा वरचा अर्धा भाग पाहून ‘काही नाही’ म्हणतो. खालचं टोक जिभेआड लपलेलं राहतं. टंग डिप्रेसर फार मागे टेकवला की पेशंटला उबळ येते आणि काहीच दिसत नाही. तो जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागावरच ठेवावा, हळूहळू दाब द्यावा आणि पेशंटला शांतपणे तोंडाने श्वास घ्यायला सांगावं. काट्याचं टोक पुष्कळदा लाळेच्या पांढऱ्या धाग्यासारखं दिसतं. कापसाने टिपल्यावर धागा निघून जातो, काटा जागचा हलत नाही.

टॉन्सिलच्या बाहेरच्या बाजूला काय आहे, हेही याच वेळी मनात बसवा. आधी टॉन्सिलचं आवरण, मग फॅरिंगोबेसिलर फॅशिया, आणि त्याच्या बाहेर घसा आवळणाऱ्या तीन कन्स्ट्रिक्टर स्नायूंपैकी वरचा, सुपीरियर कन्स्ट्रिक्टर. टॉन्सिलच्या या पलंगाच्या खालच्या भागातून नववी नस, ग्लॉसोफॅरिंजियल, जिभेच्या मागच्या भागाकडे जाते. म्हणून टॉन्सिल काढल्यानंतर काही पेशंटना जिभेच्या मागच्या एक तृतीयांश भागात चव काही काळ कमी लागते. इंटर्नल कॅरोटिड धमनी टॉन्सिलला चिकटून आहे असं उत्तर मुलं भीतीपोटी देतात. ती साधारण अडीच सेंटिमीटर मागे आणि बाहेर असते. शस्त्रक्रियेत त्रास देते ती बहुधा पॅराटॉन्सिलर शीर.

चूक : कन्स्ट्रिक्टरचा थर उलटा लावणं

तीन कन्स्ट्रिक्टर एकाखाली एक रचलेली कडी आहेत, असं चित्र मुलं काढतात. प्रत्यक्षात ते कुंड्या एकात एक बसवाव्यात तसे आहेत आणि खालचा नेहमी बाहेर आहे. इन्फीरियर कन्स्ट्रिक्टर मिडलला बाहेरून झाकतो आणि मिडल सुपीरियरला. पुढून तिन्ही उघडे आहेत, कारण पुढे नाक, तोंड आणि स्वरयंत्र घशात उघडतात. मागे मधोमध फॅरिंजियल रॅफी नावाच्या दोरीवर ते जुळतात.

हा थर बरोबर बसला की नसांची वाट आपोआप समजते. नसा स्नायूंना भोकं पाडून आत शिरत नाहीत, दोन स्नायूंच्या बाजूला राहिलेल्या फटींतून शिरतात. सुपीरियर आणि मिडलमधल्या फटीतून स्टायलोफॅरिंजियस आणि त्याच्या संगतीने नववी नस जाते. मिडल आणि इन्फीरियरमधल्या फटीतून इंटर्नल लॅरिंजियल नस आत येते. इन्फीरियरच्या खालून रिकरंट लॅरिंजियल वर चढते. आपल्या केसमध्ये मधली वाट महत्त्वाची ठरणार आहे.

चूक : एपिग्लॉटिस झाकण आहे, बाकी काही नाही, असं समजणं

शाळेपासून मनात बसलेलं वाक्य असं : ‘गिळताना एपिग्लॉटिस श्वासनलिकेवर झाकण घालतं.’ हे अर्धंच खरं आहे. एपिग्लॉटिस काढून टाकलेले पेशंटही सावकाश सरावाने सुरक्षित गिळू शकतात. याचा अर्थ मुख्य राखण दुसरं कुणीतरी करतं.

गिळण्याच्या घशातल्या टप्प्याला साधारण एक सेकंद लागतो. तोंडातला टप्पा आपल्या इच्छेने चालतो : घास चावला, लाळेत भिजला, जिभेने मागे ढकलला. तो पुढच्या घडीजवळ आणि जिभेच्या मुळाशी पोहोचला की मेड्युलातलं गिळण्याचं केंद्र सूत्रं हाती घेतं आणि आता थांबवू म्हटलं तरी थांबवता येत नाही. मृदू टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. श्वास थांबतो. हायॉइड हाड आणि स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतात, म्हणजे जिभेच्या मुळाच्या आडोशाला येतात. स्वरयंत्र खालून वर मिटत जातं : आधी स्वरपट्ट्या, मग त्यांच्या वरच्या खोट्या पट्ट्या आणि ॲरिटेनॉइड, शेवटी एपिग्लॉटिस. तेवढ्यात जीभ मागे रेटते, कन्स्ट्रिक्टर वरून खाली क्रमाने आवळत जातात आणि तळाशी अन्ननलिकेच्या तोंडावरचा क्रिकोफॅरिंजियस, म्हणजे इन्फीरियर कन्स्ट्रिक्टरचाच खालचा भाग, उघडतो. घास गेल्यावर बहुधा श्वास बाहेर टाकला जातो आणि काठावर काही राहिलंच असेल तर तेही वर फेकलं जातं.

घास एपिग्लॉटिसच्या वरून सरळ मधून जातो असं समजू नका. तो बहुतांशी दोन भागांत विभागून स्वरयंत्राच्या डाव्या-उजव्या बाजूंनी उतरतो. त्या दोन बाजूच्या वाटा म्हणजेच पिरिफॉर्म फोसा. आमच्या बाईंचा काटा या वाटेने गेला, आणि पुढे अन्ननलिकेत न जाता मध्येच रुतला.

चूक : पिरिफॉर्म फोसा स्वरयंत्राचा भाग मानणं

मला वाटतं, या विषयातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे. पिरिफॉर्म फोसा स्वरयंत्राच्या शेजारी आहे, आत नाही. तो खालच्या घशाचा, लॅरिंगोफॅरिंक्सचा भाग आहे. त्याच्या आतल्या बाजूला ॲरिएपिग्लॉटिक घडी आहे, म्हणजे स्वरयंत्राच्या दाराची चौकट. बाहेरच्या बाजूला थायरॉइड कूर्चेची पाटी आणि तिच्या वर थायरोहायॉइड पडदा. खाली तो अन्ननलिकेच्या तोंडाकडे निमुळता होत जातो. वर घशाच्या भिंतीकडे जाणारी एक घडी त्याला व्हॅलेक्युलापासून वेगळं करते. व्हॅलेक्युला जीभ आणि एपिग्लॉटिस यांच्यामध्ये असतो, म्हणजे एक मजला वर. दोघांची नावं व्हायव्हात सतत अदलाबदल होतात. म्हणून हे लक्षात ठेवा : व्हॅलेक्युला एपिग्लॉटिसच्या पुढे, पिरिफॉर्म स्वरयंत्राच्या बाजूला.

आता नस. इंटर्नल लॅरिंजियल नस सुपीरियर लॅरिंजियल धमनीच्या सोबत थायरोहायॉइड पडदा भेदून आत येते आणि पिरिफॉर्म फोसाच्या श्लेष्मल पडद्याखाली लगेच पसरते. मध्ये स्नायूचा थर नाही, जाड चरबी नाही. ती पृष्ठभागाच्या इतकी जवळ आहे की भूलतज्ज्ञ लिग्नोकेनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पिरिफॉर्म फोसात धरून तिला बधिर करतात. ही नस स्वरपट्ट्यांच्या वरच्या स्वरयंत्राची आणि खालच्या घशाच्या बऱ्याच भागाची संवेदना मेंदूपर्यंत नेते. तिला दुखापत झाली तर आवाज सहसा बदलत नाही, पण अन्नाचा कण चुकीच्या वाटेला गेल्यावर जो खोकला यायला हवा तो येत नाही. पेशंटला ते कळतही नाही, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे.

पिरिफॉर्ममधला काटा आंधळेपणाने चिमट्याने चाचपडू नये, याचं कारण हेच. बोट घालून काढायचा प्रयत्न तर मुळीच करू नये. बोटाने काटा आणखी खोल ढकलला जातो किंवा पडदा फाटतो. कोरड्या भाताच्या घासानेही तेच होतं. घास गिळताना कन्स्ट्रिक्टर जोराने आवळतात, आणि त्या दाबाने टोकदार काटा भिंतीत रुततो. घासाबरोबर कधीकधी काटा निघूनही जातो, आणि तो निघाला की लोकांचा त्या उपायावर विश्वास बसतो. पण कोणता काटा निघेल आणि कोणता रुतेल, हे गिळणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

चूक : कान दुखतोय म्हणजे टॉन्सिल

केसमधल्या बाईंचा उजवा कान ठणकत होता. अनेक मुलं इथे लगेच टॉन्सिलचं नाव घेतात, कारण ‘टॉन्सिलचं दुखणं कानात जाणवतं’ हे त्यांनी वाचलेलं असतं. ते खरंच आहे. टॉन्सिलची संवेदना नववी नस नेते, आणि तिची टिम्पॅनिक शाखा मधल्या कानाला जाते. पण पिरिफॉर्म फोसाची संवेदना दहावी नस, व्हेगस, नेते आणि तिचीही एक शाखा, ऑरिक्युलर, बाहेरच्या कानाच्या नळीला जाते. दोन्ही पेशंट म्हणतात ‘कान दुखतो’. म्हणून कानाच्या दुखण्यावरून जागा ठरत नाही, फक्त बाजू कळते, आणि तीही खात्रीने नाही.

जागा ठरवायला दुसरा प्रश्न विचारावा : बोटाने नेमकं दाखवा, कुठे टोचतंय? बोट जबड्याच्या कोनाजवळ गेलं तर टॉन्सिल किंवा जिभेचं मूळ आधी तपासा. घाटीच्या बाजूला गेलं तर पिरिफॉर्म. छातीच्या हाडाच्या वर, मधोमध गेलं तर क्रिकोफॅरिंजियस आणि अन्ननलिकेचा वरचा भाग. तोंडाच्या जवळचा काटा पेशंट बऱ्यापैकी अचूक दाखवतो. खाली जाऊ तशी ही अचूकता कमी होते. हा अंदाज आहे, निदान नाही.

चूक : सगळ्या स्नायूंना एकच नस

आता नसांचा तक्ता. तो छोटा आहे, पण चुका ठराविक तीन-चार जागी होतात. घशाचे स्नायू आणि मृदू टाळूचे स्नायू यांना चालना देतो फॅरिंजियल प्लेक्सस, जो मुख्यतः मिडल कन्स्ट्रिक्टरच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतो. यातली स्नायूंची चालना व्हेगसकडून येते. पुस्तकांत हे तंतू ॲक्सेसरी नसेच्या क्रेनियल भागातून व्हेगसमध्ये आले असं लिहिलेलं सापडेल. मेड्युलातल्या न्यूक्लियस अँबिग्युअसपासून ते व्हेगसमधून येतात, एवढं लिहिलं तरी मुद्दा पोहोचतो.

अपवाद दोन. स्टायलोफॅरिंजियसला नववी नस चालना देते. घशाच्या स्नायूंपैकी तिच्या वाट्याचा तोच एक. आणि टेन्सर व्हेली पॅलॅटिनाय या टाळूच्या स्नायूला पाचव्या नसेची मॅन्डिब्युलर शाखा. टाळूचे बाकीचे स्नायू प्लेक्ससकडे. हे दोन अपवाद नक्की झाले की बाकी सगळं नियमात बसतं. क्रिकोफॅरिंजियसला प्लेक्ससबरोबर रिकरंट लॅरिंजियल आणि एक्स्टर्नल लॅरिंजियलचीही मदत मिळते.

संवेदनेचे मात्र तीन मजले आहेत, आणि त्या तक्त्यात चालनेच्या नसा घुसवू नका. नाकामागचा वरचा मजला मुख्यतः पाचव्या नसेच्या मॅक्झिलरी शाखेकडे, मधला मजला नवव्याकडे आणि खालचा दहाव्याकडे. टॉन्सिल मधल्या मजल्यावर, पिरिफॉर्म खालच्या. कानाच्या दुखण्याच्या दोन वाटा याच वाटणीतून आल्या.

दहावी नस चालत नाहीये हे कसं ओळखाल? पेशंटला ‘आ’ म्हणायला सांगा. पडजीभ निरोगी बाजूकडे ओढली जाते, कारण निकामी बाजूचा टाळू उचललाच जात नाही. मुलं नेमकं उलटं लिहितात, कारण जीभ बाहेर काढायला सांगितल्यावर बाराव्या नसेच्या दुखण्यात ती निकामी बाजूकडे वळते आणि दोन्ही नियम डोक्यात गुंतून जातात. आणखी एक सवय सोडा : उबळ येते की नाही यावरून गिळणं सुरक्षित आहे की नाही हे ठरवणं. कित्येक निरोगी माणसांना उबळ अगदी कमी येते किंवा येतच नाही, तरी त्यांचं गिळणं उत्तम असतं. उबळ हा वेगळा प्रतिक्षेप आहे. तिचा निरोप नवव्यातून जातो आणि हुकूम मुख्यतः दहाव्यातून परत येतो.

चूक : क्रिकोफॅरिंजियस ‘जोर लावून उघडतो’ असं लिहिणं

तो विसाव्यात आवळलेला असतो. गिळताना त्याचा ताण सुटतो, त्याच वेळी वर आणि पुढे सरकलेलं स्वरयंत्र त्याला पुढून ओढतं आणि घासाचा दाब त्याला ताणतो. या तीन गोष्टी एकत्र घडल्या तरच वाट उघडते. स्वरयंत्र नीट वर सरकत नसेल तर स्नायू सैल असूनही अन्ननलिकेचं तोंड पुरेसं उघडत नाही, म्हणून अडकण्याचं कारण दर वेळी क्रिकोफॅरिंजियसमध्येच शोधू नये. याच्या वर, इन्फीरियर कन्स्ट्रिक्टरच्या वरच्या भागाच्या म्हणजे थायरोफॅरिंजियसच्या तिरप्या तंतूंखाली, मागच्या मधल्या रेषेत एक कमजोर जागा राहते. तिला किलियनची फट म्हणतात. वरून दाब आला आणि खाली वाट वेळेवर उघडली नाही, तर तिथून श्लेष्मल पडद्याची पिशवी फुगू शकते. फट नेहमी मागे मध्यभागी असते, बाजूला नाही. पिरिफॉर्म बाजूला आहे. हा फरक व्हायव्हात मुद्दाम विचारला जातो.

पुन्हा त्या बाईंकडे

बोट घाटीच्या उजव्या बाजूला, टॉन्सिल स्वच्छ, कान उजवा. पहिला संशय उजव्या पिरिफॉर्मवर. मानेचा बाजूने एक्स-रे काढला, त्यात काहीच दिसलं नाही. ‘एक्स-रे साफ म्हणजे काटा नाही’ असं म्हणणं हीही चूकच आहे, कारण करलीसारख्या माशाचे बारीक काटे एक्स-रेवर पुष्कळदा उमटत नाहीत. उलट, वय वाढल्यावर थायरॉइड कूर्चेच्या मागच्या कडेला साठलेलं कॅल्शियम किंवा हायॉइडचं मोठं शिंग काटा म्हणून वाचलं जाऊ शकतं. शंका तशीच राहिली आणि एंडोस्कोपच्या नळीने काही दिसलं नाही तर सीटी स्कॅन जास्त उपयोगी पडतो.

नाकातून लवचीक एंडोस्कोप आत घातला. आधी दोन्ही व्हॅलेक्युला पाहिले, रिकामे होते. उजव्या पिरिफॉर्ममध्ये लाळ साचलेली दिसली, डावा मोकळा होता. ही साचलेली लाळ फार बोलकी खूण आहे : त्या बाजूला वाटेत काहीतरी अडलंय किंवा गिळताना दुखतंय म्हणून तिथली वाट नीट रिकामी होत नाही. पेशंटला एकदा आवंढा गिळायला सांगितल्यावर लाळ थोडी सरकली आणि काट्याचं पांढरं टोक दिसलं, ॲरिएपिग्लॉटिक घडीच्या खालच्या उतारावर तिरपं रुतलेलं. डोळ्यांसमोर दिसत असताना तो चिमट्याने त्याच्या आडव्या दिशेने न ओढता लांबीच्या दिशेने ओढून काढला, म्हणजे पडदा फाटला नाही.

काटा निघाल्यावर एक-दोन दिवस टोचल्यासारखं वाटणं नैसर्गिक आहे, ओरखडा तसाच असतो. बाईंना मऊ, कोमट जेवण आणि गिळताना घाई न करणं एवढंच सांगितलं. टोचणं कमी होण्याऐवजी वाढलं, ताप आला, मान सुजली, मानेवर हात फिरवताना त्वचेखाली हवा चुरचुरल्यासारखी लागली किंवा स्वतःची लाळही गिळता येईना, तर त्याच दिवशी परत यायचं, कारण हे भिंतीला छिद्र पडल्याचं किंवा आत पू होत असल्याचं लक्षण असू शकतं. पाणी पिताना ठसका लागणं किंवा खोकला न येताच जेवणानंतर आवाज ओला-घरघरता होणं, याकडेही लक्ष ठेवायला सांगितलं होतं. त्यावरून इंटर्नल लॅरिंजियल शाबूत आहे का याचा अंदाज येतो. पाणी, मग कोमट दूध, मग मऊ भात, असं टप्प्याटप्प्याने घेऊन त्यांनी दुसऱ्या दिवशी फोनवर कळवलं की पाणी सरळ जातंय आणि ठसका नाही.